चार ओळींतला माणूस

मार्च संपत आला की पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतल्या मॅनेजर मंडळींचे दोन-तीन दिवस बंद खोलीत जातात. टेबलाभोवती सहा-सात जण, एचआरचं एक माणूस आणि पडद्यावर नावांची यादी. एकेका नावाच्या वाट्याला जेमतेम चार-पाच मिनिटं येतात. तेवढ्यात त्या माणसाचा मॅनेजर चार ओळी वाचतो : बलस्थानं दोन, सुधारणेच्या जागा एक-दोन. बाकीचे त्यावर खल करतात, शेजारच्या टीममधल्या कुणाशी तुलना होते आणि रेटिंग ठरतं. ज्याचं ठरतं तो बाहेर आपल्या जागेवर काम करत असतो. या बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात. एका मॅनेजरचा हात सैल आणि दुसऱ्याचा आखडता असला, तरी दोघांनी दिलेल्या ‘उत्तम’चं मोल सारखं राहावं, एवढाच तिचा हेतू.

त्या चार ओळी मात्र वर्षभराच्या मजकुरातून काढाव्या लागतात. स्वतःचं मूल्यमापन, सहकाऱ्यांचे शेरे, ग्राहकाची एखादी ईमेल आणि मॅनेजरच्या वहीतल्या नोंदी हे सगळं मिळून सहज तीन-चार पानं भरतं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. त्याची उत्तरंही बरीच आधी सापडली होती. आपण ती दर वर्षी नव्याने विसरतो.

सुरुवात स्कॉटलंडच्या न्यू लॅनार्क इथल्या सूतगिरणीपासून करायची रीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट ओवेनने तिथे प्रत्येक कामगाराजवळ लाकडाचा एक छोटा चौकोनी ठोकळा टांगला होता. त्याच्या चार बाजूंना काळा, निळा, पिवळा आणि पांढरा असे चार रंग. काल काम कसं झालं, त्यानुसार एक रंग दर्शनी ठेवायचा : काळा म्हणजे वाईट, पांढरा म्हणजे उत्कृष्ट. रंगांची रोजची नोंद वहीत होई. ओवेनला आरडाओरडा आणि मारहाण टाळायची होती आणि ती टळलीही. पण निळा रंग का मिळाला, हे त्या ठोकळ्यावर कुठेच लिहिलेलं नसे. आजच्या ‘पाचपैकी तीन’चा हा खापरपणजोबा.

आपल्या बैठकीचं खरं कूळ सापडतं ते अमेरिकेच्या सैन्यात, १९१७ मध्ये. पहिल्या महायुद्धात उतरल्यावर अमेरिकेला थोड्या काळात हजारो नवे अधिकारी निवडायचे होते. वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक युक्ती काढली. शारीरिक गुण, बुद्धी, नेतृत्व, वैयक्तिक गुण आणि सेवेला एकूण उपयोग असे पाच रकाने केले. प्रत्येक रकान्यासाठी वरिष्ठाने आपल्या ओळखीचे पाच अधिकारी आठवायचे : सर्वांत वरचा, वरचा, मधला, खालचा, सर्वांत खालचा. त्यांची नावं लिहिली की झाली मोजपट्टी तयार. नव्या माणसाला त्या पाच जणांशी ताडून पाहायचं. पहिल्या चार रकान्यांना १५, १२, ९, ६, ३ असे गुण आणि शेवटच्याला ४०, ३२, २४, १६, ८. एकूण १००.

युक्ती हुशारीची होती, कारण ‘नेतृत्व चांगलं’ असं हवेत बोलण्याऐवजी ‘नेतृत्वात अमुक कॅप्टनइतका’ असं बोलावं लागे. खोट होती ती वेगळीकडेच. प्रत्येकाची पट्टी त्याच्या ओळखीच्या पाच माणसांची. एकाच्या पलटणीतला ‘मधला’ दुसऱ्याच्या पलटणीत ‘वरचा’ ठरू शके. स्कॉटच्याच कामात सहभागी असलेल्या हॅरल्ड रग यांनी युद्धानंतर हे आकडे तपासले आणि १९२१ च्या सुमारास फार परखड निष्कर्ष मांडला. माणसाचं असं मूल्यांकन विश्वासार्ह व्हायचं तर तीन अटी पाळाव्या लागतील. तीन जणांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि त्यांची सरासरी घ्यावी. तिघांच्या पट्ट्या जाणकाराच्या देखरेखीखाली, एकत्र बसून, एकमेकींशी जुळवून घेतलेल्या असाव्यात. आणि तिघेही त्या माणसाला नीट ओळखणारे असावेत.

दुसरी अट म्हणजे आजचं कॅलिब्रेशन. कंपन्यांनी ती उचलली, पहिली अर्धीमुर्धी घेतली आणि तिसरी सोडून दिली. सात जणांच्या खोलीत त्या माणसाला नीट ओळखणारा बहुधा एकच असतो. उरलेल्या सहा जणांसाठी ‘ओळख’ म्हणजे त्या चार ओळी. म्हणून त्यांच्यावर एवढा भार येतो. (एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये अशाच लष्करी गुणांकनांत दाखवून दिलं होतं, की एका गुणाचं तेज दुसऱ्या गुणांवर पडतं : अंगापिंडाने रुबाबदार अधिकारी वरिष्ठांना बुद्धिमानही वाटतो. ‘हेलो एरर’ हे नाव तेव्हापासूनचं. चार ओळींतली पहिली ओळ उरलेल्या तीन ओळी कशा वाचल्या जाणार ते ठरवते, हे बैठकीत बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं.)

आता या वंशवृक्षातला सगळ्यांत मोलाचा पूर्वज. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकी हवाई दलात वैमानिक प्रशिक्षणातून मोठ्या संख्येने उमेदवार बाद होत होते. ते का बाद होतात हे शोधायला जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने अशा १,००० उमेदवारांची कागदपत्रं काढली. प्रत्येकाला बाद करताना मंडळ बसलं होतं, शिक्षकांचे शेरे वाचले गेले होते आणि कारण लिहिलं गेलं होतं. म्हणजे आपल्या बैठकीसारखीच बैठक. कारणं काय होती? ‘उड्डाणाची उपजत क्षमता नाही’. ‘स्वभाव योग्य नाही’. ‘निर्णयशक्ती कमी’. ‘पुरेशी प्रगती नाही’. पुढच्या उमेदवारांना कसं निवडावं किंवा कसं शिकवावं, हे या शब्दांवरून ठरवायला बसलं तर हाती फारसं काही लागत नाही. विमान उतरवताना तो नेमकं काय करत होता? वेग कमी व्हायच्या आत नाक वर घेत होता, की उंचीचा अंदाज चुकत होता? शिक्षकाने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. कागदावर मात्र ‘निर्णयशक्ती कमी’ एवढंच उरलं.

फ्लॅनगनने यातून जी पद्धत बांधली ती १९५४ मध्ये ‘क्रिटिकल इन्सिडेंट’ या नावाने प्रसिद्ध केली. तिचं सूत्र साधं : विशेषण नको, प्रसंग सांगा. कुठे, काय परिस्थितीत, माणसाने काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला. प्रसंग पुरेसे जमले की मगच त्यांचे गट पाडा आणि गटाला नाव द्या. आज ज्याला आपण ‘थीम’ म्हणतो ती हीच. फरक इतकाच, की फ्लॅनगनकडे नाव शेवटी यायचं आणि आपल्याकडे ते फॉर्ममध्ये आधीच छापलेलं असतं : कम्युनिकेशन, ओनरशिप, टीमवर्क. मग मॅनेजर त्या खोक्यांत घालायला शेरे शोधत बसतो.

जनरल मोटर्सच्या डेल्को-रेमी विभागात त्याने मुकादमांकरवी हीच पद्धत लावून पाहिली, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. कामगारांचे ठळक प्रसंग, चांगले आणि वाईट दोन्ही, टिपून ठेवायचे होते. मुकादमांचे तीन गट केले. एक गट रोज नोंद करी, दुसरा आठवड्याने, तिसरा दोन आठवड्यांनी एकदम. कालावधी तिघांचाही दोन आठवडेच. रोज लिहिणाऱ्यांकडून ३१५ प्रसंग आले, आठवड्याने लिहिणाऱ्यांकडून १५५ आणि शेवटी एकदम लिहिणाऱ्यांकडून ६३. दोन आठवड्यांत पाचातले चार प्रसंग विरून गेले. बारा महिन्यांनी एकदा लिहायला बसणाऱ्या मॅनेजरच्या आठवणीत काय उरत असेल ते निराळं सांगायला नको. ‘गेल्या दोन महिन्यांचंच आठवतं’ ही मॅनेजरबद्दलची तक्रार खरी आहे, पण त्यात त्याच्या दुष्टपणाचा भाग कमी आणि डोक्याच्या मर्यादेचा जास्त.

मग कौतुक, टीका आणि सुधारणा हे सगळं एकाच बैठकीत उरकलं की काय होतं? त्याचं उत्तर जनरल इलेक्ट्रिकमध्ये झालेल्या एका अभ्यासात सापडतं. १९६५ मध्ये हर्बर्ट मायर, इमॅन्युएल के आणि जॉन फ्रेंच यांनी तो ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये मांडला. वार्षिक मुलाखतीत जितकी टीका जास्त, तितका माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि पुढे कामात सुधारणाही कमी होते. स्तुतीचाही फारसा उपयोग दिसला नाही, कारण ऐकणाऱ्याला माहीत असतं की मागून ‘पण’ येतोय. त्यांनी सुचवलं की पगारवाढीची बैठक आणि सुधारणेची बैठक वेगवेगळी करा. एकाच माणसाने एकाच तासात न्यायाधीशही व्हायचं आणि गुरूही, हे जमत नाही.

हा विचार आपल्याकडे फार लवकर पोचला, आणि तोही मुंबईतच. १९७४-७५ मध्ये लार्सन अँड टुब्रोने आपली मूल्यमापन पद्धत तपासायला अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना बोलावलं. त्यांनी नुसता फॉर्म सुधारून दिला नाही. कामाचं मूल्यमापन, पुढच्या पदासाठीची क्षमता, प्रशिक्षण, समुपदेशन अशा गोष्टी सुट्या करून एका व्यवस्थेत बसवायला सांगितलं, आणि त्यातून देशातला पहिला मानव संसाधन विकास विभाग उभा राहिला. आज एचआरच्या फॉर्मवर ‘विकासाच्या गरजा’ असा रकाना दिसतो, त्याच्या भारतीय घराण्याचा हा मूळपुरुष. कॅलिब्रेशनच्या खोलीत मात्र जे तोडायला सांगितलं होतं तेच पुन्हा जोडलं जातं. सुधारणेसाठी लिहिलेली ओळ रेटिंग ठरवताना पुरावा म्हणून वाचली जाते. हे कळलेला मॅनेजर आपल्या माणसाला वाचवायला सुधारणेच्या रकान्यात ‘कामाचा अतिताण घेतो’ अशी कौतुकाला तक्रारीचा सदरा घातलेली ओळ लिहितो. समोरचे सहा जण ती ओळखतात आणि मग त्याच्या बलस्थानांच्या ओळींवरही विश्वास ठेवत नाहीत.

सरकारी कचेऱ्यांची वाट निराळी. तिथे होता गोपनीय अहवाल, म्हणजे बोलीतला ‘सीआर’. त्यात काय लिहिलंय ते वाईट शेरा असला तरच कळवायचं, एरवी नाही. सीमा सडक संघटनेतले कार्यकारी अभियंता देव दत्त यांना पदोन्नतीच्या वेळी कळलं, की निकष ‘अतिउत्तम’चा होता आणि त्यांना १९९३-९४ सालासाठी ‘चांगला’ असा शेरा होता. ‘चांगला’ वाईट नसतो, म्हणून तो कुणी कळवला नव्हता. आणि त्याच शेऱ्याने वाट अडवली. सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये निर्णय दिला, की शेरा कोणताही असो, तो कळवलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी केंद्राने अहवालातलं ‘गोपनीय’ काढून टाकलं आणि संपूर्ण अहवाल, एकूण श्रेणीसह, संबंधिताला दाखवायचं ठरवलं. त्या नव्या अहवालात वरिष्ठाला सुमारे १०० शब्दांचं एक शब्दचित्र लिहावं लागतं. त्यात बलस्थानं, तुलनेने उण्या बाजू, विशेष कामगिरी आणि ठळक अपयश यायला हवं. कॉर्पोरेट चार ओळींची ही सरकारी चुलतबहीण. फरक एवढाच की तिला आता पदर घेता येत नाही.

आता हे सगळं एका उदाहरणात लावून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण शेरे तुम्ही ऐकलेलेच असतील. पुण्यातली एक सॉफ्टवेअर कंपनी आणि तिथली सीनियर टेस्ट इंजिनिअर. तिच्याबद्दल मॅनेजरपुढे आठ शेरे आहेत. डेव्हलपमेंटचा लीड लिहितो, ‘फार काटेकोर. नोव्हेंबरच्या रिलीजआधी ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाण्याचा दोष तिनेच पकडला.’ ग्राहकाकडच्या माणसाची ईमेल त्याच दोषाबद्दल आभार मानते. एक ज्युनिअर सांगतो, की जूनपासून ती दर शुक्रवारी तासभर ऑटोमेशन शिकवायला बसते. दुसरा ज्युनिअर आता संपूर्ण रिग्रेशन एकटा चालवतो आणि त्याचं श्रेय तिला देतो. एक सहकारी : ‘टीम प्लेयर.’ दुसरा : ‘थोडी आक्रमक आहे.’ प्रॉडक्ट ओनर : ‘चटकन नकार देते.’ आणि तिने स्वतः लिहिलंय, ‘कम्युनिकेशन सुधारायचं आहे.’ शिवाय मॅनेजरच्या वहीत फेब्रुवारीची एक नोंद आहे : आदल्या संध्याकाळी तिने रिलीज थांबवायला लावला आणि तो दोन दिवस पुढे गेला.

घाईतला मॅनेजर यातून लिहील : ‘काटेकोर, टीम प्लेयर. संवादात मृदुता हवी.’ आठांपैकी निम्म्याहून अधिक शेरे यात बसतात म्हणून मसुदा संतुलितही वाटतो. आता फ्लॅनगनच्या रीतीने पाहू. प्रसंग असलेले शेरे एका बाजूला आणि नुसती विशेषणं दुसऱ्या बाजूला काढली, की पहिल्या बाजूला लीड, ग्राहक, दोन ज्युनिअर आणि फेब्रुवारीची नोंद येते. लीड आणि ग्राहक एकाच दोषाबद्दल बोलतायत, म्हणून ते दोन शेरे असले तरी प्रसंग एक. दोन ज्युनिअर मात्र स्वतंत्र साक्षीदार आहेत आणि त्यांचा काळही जून ते मार्च असा पसरलेला आहे. म्हणजे गाजावाजा नोव्हेंबरच्या दोषाचा झाला असला, तरी भक्कम बलस्थान शिकवण्याचं आहे. ‘टीम प्लेयर’च्या खाली प्रसंग नाही, तो शेरा वगळायचा.

दुसरी बाजू नाजूक. ‘आक्रमक’ लिहिणाऱ्याला मॅनेजरने विचारलं, ‘कधी, नेमकं काय झालं?’ तो म्हणाला, फेब्रुवारीत. प्रॉडक्ट ओनरही फेब्रुवारीच म्हणाला. म्हणजे तीन नोंदी, पण प्रसंग पुन्हा एकच, आणि एका प्रसंगाची थीम होत नाही. मग मॅनेजर तिच्याशी बोलला. तिने सांगितलं, की धोका तिला सोमवारीच दिसला होता, पण खात्री होईपर्यंत ती थांबली. ऑगस्टमध्येही एकदा असंच झालं होतं. आता दोन प्रसंग झाले आणि दोन्हींत एक गोष्ट समान आहे : धोक्याची खबर निर्णय घेणाऱ्यांपर्यंत उशिरा पोचते. तिचा नकार बरोबर होता. उशिराचा होता म्हणून तो आक्रमक वाटला.

आता चार ओळी अशा होतात : ‘जूनपासून नियमित शिकवून दोन ज्युनिअर तयार केले, त्यांपैकी एक रिग्रेशन स्वतंत्रपणे चालवतो. नोव्हेंबरमध्ये दुहेरी वजावटीचा गंभीर दोष रिलीजआधी पकडला. ऑगस्ट आणि फेब्रुवारीत रिलीजचा धोका कळूनही खात्री होईपर्यंत सांगितला नाही. फेब्रुवारीत त्यामुळे दोन दिवस गेले. पुढच्या वर्षी संशय आला त्याच दिवशी कळवणं हे उद्दिष्ट.’ यात ‘मृदुता’ कुठेच नाही. ‘मृदुता’ लिहिली असती तर तिने वर्षभर आवाज खाली ठेवला असता आणि खबर तरीही उशिराच पोचली असती.

‘आक्रमक’ या शब्दाबाबत अधिक सावध राहायला आणखी एक कारण आहे. किएरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये तंत्रज्ञान क्षेत्रातली २४८ मूल्यमापनं तपासली. पुरुषांच्या मूल्यमापनांपैकी सुमारे ५९ टक्क्यांत काही ना काही टीका होती, स्त्रियांच्या सुमारे ८८ टक्क्यांत. स्त्रियांवरची टीका स्वभावाकडे वळण्याचं प्रमाण फार मोठं होतं. पुरुषांना बहुधा कौशल्याबद्दल सांगितलं जाई. नमुना छोटा आहे आणि माहिती लोकांनी आपणहून दिलेली आहे, तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्या ऑफिसला लावू नयेत. पण स्वभावाचं विशेषण सुधारणेच्या रकान्यात येऊ घातलं, की ‘हेच एखाद्या पुरुषाने केलं असतं तर मी हाच शब्द लिहिला असता का?’ हे विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरी एक तपासणी अगदी यांत्रिक आहे. चार ओळींवरचं नाव झाका आणि टीममधल्या दुसऱ्या कुणाचं नाव घालून वाचा. ओळी तशाच बसल्या, तर त्या कुणाबद्दलच नाहीत. ‘मेहनती, शिकण्याची तयारी, संवाद सुधारावा’ हे वाक्य मी इतक्या माणसांच्या नावावर पाहिलंय, की ते एखाद्याचं चरित्र नसून फॉर्मवरच छापलेलं असावं असा संशय येतो.

मॅनेजर असाल तर १ एप्रिलला प्रत्येकाच्या नावाची एक फाइल उघडा आणि दर आठवड्याला तारीख घालून दोन ओळी लिहा. मार्चमध्ये आठवणीवर अवलंबून राहू नका. आणि ज्याचं मूल्यमापन होतं तो तुम्ही असाल तर लक्षात घ्या : देव दत्त यांच्या निकालाचा लाभ सरकारी सेवकांना आहे, खासगी कंपनीला तसं बंधन नाही. तरी मागायला बंदी नाही. रेटिंगचा आकडा कळल्यावर ‘बैठकीत माझ्याबद्दल कोणत्या ओळी वाचल्या आणि त्यांच्याखाली कोणते प्रसंग होते?’ हे मॅनेजरला विचारा, आणि उत्तर लेखी मागून घ्या.